आठ गाणी, एक मुक्कामी गाडी

रामनवमीच्या दिवशी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं पहिलं गाणं प्रसारित झालं आणि पुढं वर्षभर आठवड्याला एक या बेतानं ५६ गाणी झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. गोष्ट तर घराघरांत पाठ असलेली. पुढं काय होणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरीही पुढच्या आठवड्याच्या गाण्याची ओढ टिकली, आणि त्याचं एक मोठं कारण त्या गाण्यांच्या रचनेत आहे. कुश आणि लव रामापुढं त्याचीच कथा गात आहेत, ही बाहेरची चौकट. आत मात्र प्रत्येक वेळी बोलणारा बदलतो. कधी कौसल्या बोलते, कधी नाव वल्हवणारे नावाडी, कधी शूर्पणखा, कधी भरत. माणूस बदलला की भाषा बदलते, राग बदलतो, लय बदलते. एका विषयावरची ५६ गाणी एकसुरी न होण्याचं गुपित इतकं उघड्यावर पडलेलं आहे, तरी नव्या बँडांचं तिकडं क्वचितच लक्ष जातं.

कॉलेजात किंवा नोकरी सांभाळून वाजवणाऱ्या हौशी बँडकडं साधारण सात-आठ गाणी जमली की अल्बमचा विचार सुरू होतो. नुसती गाणी एकापुढं एक लावण्यापेक्षा त्यांना बांधणारं काहीतरी हवं, असं कुणीतरी म्हणतं. मग ‘प्रवास’, ‘शहर’, ‘माणूस’, ‘शोध’ असा एखादा शब्द निघतो आणि सगळ्यांना पटतो. पटतो, कारण त्यात आधीची सगळी गाणी बसतात. नेमकी तिथंच गोम आहे. ज्या विषयात कुठलंही गाणं बसतं तो विषय कुठल्याच गाण्याला काही देत नाही. अल्बमची कल्पना कामाची आहे की नाही, हे ओळखायची पहिली खूण म्हणजे तिच्यामुळं हातातली दोन-तीन गाणी बाहेर पडली पाहिजेत.

सुफजान स्टीवन्स या अमेरिकन गायकानं २००३ मध्ये मिशिगन राज्यावर एक अल्बम केला आणि २००५ मध्ये इलिनॉयवर. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांवर एकेक अल्बम करणार, असं त्यानं जाहीर केलं होतं. ते दोनावरच थांबलं आणि ती घोषणा म्हणजे प्रसिद्धीची एक क्लृप्ती होती, असं पुढं त्यानंच सांगितलं. पण त्या दोन अल्बमांत तो जे करतो ते शिकण्यासारखं आहे. तो राज्याचं वर्णन करत नाही. तिथली गावं, तिथले गुन्हे, तिथली कवी मंडळी, तिथली एखादी सुट्टी असे बारीक कोपरे धरतो. इलिनॉयसाठी गाणी इतकी झाली की न बसलेल्या २१ तुकड्यांचा वेगळा अल्बम २००६ मध्ये निघाला. कल्पना नीट आखलेली असली की उरलेलं गाणं वाया जात नाही. त्याला दुसरी जागा मिळते.

तेव्हा कल्पना शोधताना शब्द शोधू नये, कुंपण शोधावं. जागेचं किंवा काळाचं कुंपण सगळ्यात सोपं. बीडहून कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड टोळीचा एक हंगाम: दिवाळीच्या सुमारास निघणं, कोपी बांधणं, पहाटेची तोड, गाडी भरणं, उचल फिटणं किंवा न फिटणं. गिरणगावातली एक चाळ, १८ जानेवारी १९८२ पासून पुढचे सहा महिने. संपाच्या त्या काळात एकेका खोलीतून एकेक गाणं. गोव्यातली एक फेरीबोट, पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत. लग्नसराईतला एक बँजो-ताशाचा ताफा, जो रोज दुसऱ्यांच्या आनंदात वाजवतो. यातली कुठलीही कल्पना घेतली तरी गाणं लिहायला बसणाऱ्याला लगेच प्रश्न पडतात, आणि गाणी येतात ती प्रश्नांतूनच.

इथं मात्र एकच कल्पना शेवटपर्यंत उलगडून पाहणं जास्त उपयोगाचं. ती आहे मुक्कामी गाडीची. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढं ही लाल गाडी खेड्यापाड्यांत पोचली. तालुक्याच्या आगारातून संध्याकाळी सुटणारी, घाट चढून शेवटच्या गावी जाणारी, तिथंच रात्री थांबणारी आणि पहाटे परत निघणारी गाडी, तीच मुक्कामी गाडी. काही भागांत तिला वस्तीची गाडी म्हणतात. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री देवळात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा गाडीतच झोपतात. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, माणसं ठरलेली. संध्याकाळी पावणेसहा ते दुसऱ्या दिवशी सकाळ, एवढ्यात अल्बम पुरा. याच्या बाहेरचं काही नाही.

आता गाणी. पहिलं ‘फलाट’: खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याचं, गर्दीचं, जलद केरवा. दुसरं शाळेतून परतणाऱ्या पासवाल्या मुलीचं. ही गाडी चुकली तर तिला दुसरी नाही, आणि दोनदा चुकली तर घरचे शाळाच बंद करतील. ही भीती ती कुणाला बोलून दाखवत नाही. तिसरं कंडक्टरचं, सुट्ट्या पैशांचं, चलाख दादऱ्यात. चौथं ड्रायव्हरचं, घाटातलं, संथ रूपकात. सात मात्रांचा ताल वळणावर तोल सांभाळल्यासारखा चालतो आणि शब्द थोडे असले तरी चालतात. पाचवं मुक्कामाचं: ताल नाही, एक आवाज आणि एक वाद्य, घरापासून लांब झोपलेली दोन माणसं. सहावं पहाटेचं. तालुक्याला शिकणाऱ्या मुलासाठी आई कंडक्टरच्या हाती डबा देते. सातवं दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या जोडप्याचं. आठवं गाडी न आलेल्या दिवसाचं.

आठव्यामागं खरा इतिहास आहे. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या महिन्यांत फाट्यावर उभं राहून परत फिरलेली माणसं अजून गावोगाव आहेत आणि संपावर असलेले ड्रायव्हर-कंडक्टरही. गाणं दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊन लिहावं लागेल. चौथ्या गाण्यात ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं तोच माणूस आठव्या गाण्यात डेपोच्या दाराशी बसलेला असेल, तर अल्बमला कथा न सांगताही कथा मिळते.

ही माहिती घरबसल्या मिळणार नाही. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ च्या अल्बमात गाण्यांच्या मधून बोलणारी माणसं ऐकू येतात. रॉजर वॉटर्सनं कार्डांवर प्रश्न लिहिले होते. स्टुडिओत जो सापडेल त्याला, अगदी दरवानालाही, माइकपुढं बसवून तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारले. पॉल मॅकार्टनी त्याच इमारतीत काम करत होता. त्याचीही उत्तरं घेतली, पण ती वापरली नाहीत. दरवानाची उत्तरं मात्र अल्बममध्ये राहिली. मुक्कामी गाडीसाठी हीच रीत जशीच्या तशी चालेल. पाच प्रश्न कागदावर लिहावेत. ही गाडी चुकली तेव्हा काय केलं? गाडीत कधी रडू आलं का? तुमची जागा कोणती आणि ती दुसऱ्यानं घेतली तर काय वाटतं? ड्रायव्हर, शाळकरी मुलगी, दूधवाला, सगळ्यांना तेच प्रश्न विचारावेत. ‘एसटीबद्दल काय वाटतं’ असं विचारलं की लोक भाषण देतात. नेमकं विचारलं की आठवण सांगतात. आवाज अल्बममध्ये वापरायचा असेल तर आधी विचारावं आणि होकार तिथंच रेकॉर्ड करून ठेवावा. शाळकरी मुलांच्या बाबतीत आई-वडिलांचा होकार हवा.

आता सगळ्या गाण्यांना आतून शिवणारा धागा. तो शब्दांचा असण्यापेक्षा आवाजाचा असलेला बरा. शब्दांचा धागा लगेच दिसतो आणि लगेच कंटाळा आणतो. एसटीत असा एक आवाज तयारच आहे. कंडक्टर दोरी ओढतो, एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. ज्यानं लहानपणी एसटीनं प्रवास केला त्याला हे शिकवावं लागत नाही. या बेलचा नीट वापर कसा होईल, ते जरा जवळून पाहू.

पहिलं काम म्हणजे बेल रेकॉर्ड करणं. गाडी उभी असताना, इंजिन बंद असताना, कंडक्टरच्या परवानगीनं चार-पाच वेळा वाजवून घ्यावी. फोन चालेल, पण आवाज दाबून साठवणाऱ्या प्रकारात न घेता डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये घ्यावा. मग ट्यूनर लावून तिचा स्वर काढावा. घंटेच्या आवाजात अनेक स्वर मिसळलेले असल्यानं ट्यूनरचा काटा हलेल. सगळ्यात ठळक जो ऐकू येतो तो धरावा आणि तो दोन स्वरांच्या मधोमध असेल तर सॉफ्टवेअरमध्ये किंचित वरखाली करून जवळच्या स्वरावर आणावा. समजा तो काळी दोन निघाला. आता प्रत्येक गाण्याची पट्टी अशी निवडता येते की बेलचा स्वर त्यात वेगळं काम करेल. ‘फलाट’ काळी दोनमध्येच बांधलं तर बेल म्हणजे षड्ज. गाणं तिथंच पाय रोवून उभं राहतं. कंडक्टरचं गाणं काळी चारमध्ये घेतलं तर तीच बेल पंचम होते आणि खणखणीत वाटते. पासवाल्या मुलीचं काळी पाचमध्ये घेतलं तर ती मध्यम होते, थोडी अधांतरी. आणि म्हाताऱ्या जोडप्याचं गाणं पांढरी एकमध्ये घेतलं तर तीच बेल कोमल गंधार होते आणि गाण्यावर सावली पडते. आवाज एकच, बेल तीच, पण प्रत्येक माणसाच्या कानाला ती निराळी. ऐकणाऱ्याला यातलं व्याकरण कळायची गरज नाही. परिणाम कानाला कळतो. गायकाच्या पट्टीचा विचार मात्र आधी करायला हवा. काळी पाच ज्याला झेपत नाही त्यानं तिथं दुसरा गायक उभा करावा. मुलीचं गाणं मुलीनंच गायलं तर हा प्रश्नही सुटतो.

असा प्रत्यक्षातला आवाज लयीत बसवण्याचं गाजलेलं उदाहरणही ‘डार्क साइड’चंच आहे. पैशावरच्या गाण्याच्या सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याची यंत्रं असे सात आवाज येतात. वॉटर्सनं टेपचे तुकडे कापून जोडले. प्रत्येक आवाजाला टेपची सारखीच लांबी दिली, म्हणून त्यातून सात ठोक्यांचा ताल तयार झाला आणि गाणंही बहुतांशी सातातच चाललं. आज हे काम संगणकावर थोड्या वेळात होतं. तिकीट फाडणं, दाराचा कडाका, गिअर पडणं, काचेचा खडखडाट या आवाजांतून ‘सुट्टे पैसे’चा सगळा ठेका उभा राहू शकतो. ढोलकीही लागणार नाही. चालत्या गाडीत रेकॉर्ड केलेल्या आवाजांत इंजिनाची घरघर फार असते आणि ती बास गिटारला गिळते, म्हणून साधारण १०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकावा. प्रत्येक ठिकाणचा, म्हणजे फलाट, घाट, देऊळ, पहाटेचं गाव इथला, अर्धा मिनिट नुसता आवाज घेऊन ठेवावा. गाणी जोडताना तो हमखास कामी येतो.

जोडण्याच्या बाबतीत नव्या बँडांची एक चूक ठरलेली असते. गाण्याआधी मिनिटभराचं वातावरण: गाडीचा आवाज, गर्दी, कुणीतरी बोलतंय, मग गिटार. अल्बम सलग ऐकणाऱ्याला ते आवडेल. पण बहुतेक लोक एखादं गाणं एकेकटं ऐकतात, आणि स्पॉटिफाय ३० सेकंद वाजल्याशिवाय ऐकणं मोजतच नाही. त्यामुळं वातावरणाचा तुकडा पुढच्या गाण्याच्या डोक्यावर न ठेवता आधीच्या गाण्याच्या शेपटीला लावावा. सलग ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं. एकटं गाणं ऐकणाऱ्याला मात्र पहिल्या सेकंदापासून गाणं मिळतं. ३० सेकंदांपेक्षा लहान तुकडा वेगळा ट्रॅक म्हणून टाकूच नये.

एकूण लांबी ३२ ते ३५ मिनिटं पुरे. रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण २०-२२ मिनिटं चांगल्या आवाजात बसतात. रेकॉर्ड छापायची नसली तरी ही दोन बाजूंची विभागणी उपयोगी पडते. पहिल्या चार गाण्यांत जाणं, पुढच्या चारांत रात्र आणि परतणं. मधोमध ताल नसलेलं ‘मुक्काम’ आलं की ऐकणाऱ्याला श्वास मिळतो. चौथं संथ आणि पाचवं तालाविना असल्यानं तिथं अल्बम फार मंदावतोय असं वाटलं, तर कंडक्टरचं गाणं घाटाच्या आधी न ठेवता नंतर घ्यावं. कथेच्या दृष्टीनं काही बिघडत नाही. घाट उतरल्यावरही लोकांचे सुट्टे पैसे द्यायचे राहिलेलेच असतात.

हा अल्बम बिघडेल तो मुख्यतः तीन ठिकाणी. एक, एसटी हा शब्दच जिथं तिथं येईल. नियम करावा की ‘एसटी’, ‘लालपरी’ हे शब्द फक्त एकाच गाण्यात येतील. कंडक्टर स्वतःशी बोलताना ‘एसटी’ म्हणत नाही, ‘गाडी’ म्हणतो, ‘फेरी’ म्हणतो, ‘ड्युटी’ म्हणतो. दोन, बेल प्रत्येक कडव्यानंतर वाजेल. एका गाण्यात दोनदा पुरे, आणि ती कधी अर्थानं वाजावी: मुलगी धावत येते तेव्हा एक बेल, ती चढल्यावर दोन. आठव्या गाण्यात बेल अजिबात नाही. सात गाणी कान तयार झालेला असतो, त्यामुळं तिची अनुपस्थिती ऐकू येते. शब्दांतून ‘गाडी आली नाही’ असं सांगायची गरज उरत नाही.

तिसरं ठिकाण सगळ्यात अवघड. शहरातल्या मुलांनी गावाकडच्या माणसावर गाणं लिहिलं की ते गाणं त्या माणसाकडं बघत राहतं, त्याच्या डोळ्यांतून बघत नाही. त्या माणसाचा चेहरा, सुरकुत्या, साधेपणा यांची स्तुती होते. हे ओळखायची खूण सोपी आहे. ओळीत ‘तो’, ‘ती’, ‘बिचारा’ असे शब्द वाढले की गाणं बाहेरून लिहिलेलं आहे. ते ‘मी’मध्ये लिहून पाहावं. डब्याच्या गाण्यात आई स्वतःच्या मायेबद्दल बोलणार नाही. ती कंडक्टरला सांगेल की डबा आडवा ठेवू नका, कालवण सांडेल. पोरगा स्टँडवर निळ्या शर्टात उभा असेल. नाही आला तर कँटीनवाल्याकडं ठेवा. एवढ्या सूचनांतच सगळी माया येते.

रेकॉर्डिंगआधी अल्बम लोकांसमोर वाजवून बघावा. पिंक फ्लॉइडनं ‘डार्क साइड’ची गाणी १९७२ च्या जानेवारीपासून मंचावर सलग वाजवली आणि स्टुडिओतलं काम त्यानंतर सुरू केलं. हौशी बँडला एक मोठी खोली आणि वीस माणसं पुरतील. त्यांना कल्पना सांगू नये, गाण्यांची नावंही सांगू नयेत. शेवटी प्रत्येकाला तीन गोष्टी लिहायला लावाव्यात: कोण बोलत होतं, कुठं, दिवसाच्या कुठल्या वेळी. ज्या गाण्याबद्दल बहुतेकांची उत्तरं जुळली ते पक्कं. ज्याबद्दल लोकांनी ‘गावाबद्दल काहीतरी’ असं लिहिलं ते पुन्हा लिहायला घ्यावं. सगळ्यांना आवडलं, पण कुणालाच गाडीत बसवता आलं नाही, असं एखादं गाणं हमखास निघतं. ते बाजूला काढून वेगळं प्रकाशित करावं.

आणि अल्बमच्या आधी एकच गाणं सोडायचं असेल तर ते ‘फलाट’ नको. पहिलं गाणं दार उघडतं. त्याला पुढची सात मागं हवी असतात. ‘डबा’ सोडावा. त्याला आगापिछा लागत नाही, एसटी शब्द नसला तरी चालतो, आणि घरापासून लांब शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला ते आपलं वाटू शकतं. त्याच्या शेवटी दोन बेल ठेवाव्यात. बाकी गाणी महिनाभरानं येतील तेव्हा ‘फलाट’च्या सुरुवातीला त्याच दोन बेल येतात आणि ज्यानं डब्याचं गाणं ऐकलंय त्याला गाडी ओळखू येते.